फोटोतील ‘सारंगी’: एका वाद्याच्या मूळस्थानाचा शोध (प्रकल्प नोंदी, नागपूर)

३ नोव्हेंबर

धंतोलीतील एका परिचित मावशींनी आज त्यांच्या वडिलांचा जुना फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला आणि विचारले, “बाबांच्या हातातली ही सारंगी कुठली असेल, सांगता येईल का गं?” वाद्य घरात राहिलेले नाही, ते चाळीसेक वर्षांपूर्वी कोणाला तरी देऊन टाकले गेले. म्हणजे हाती आहे तो फक्त फोटो, आणि जे सांगायचे ते वाद्याची घडण, साहित्य आणि नक्षी एवढ्यावरूनच सांगायचे आहे. वडील कोठे नोकरीला होते, वाद्य कोणाकडून घेतले, ही माहिती त्या लगेच सांगू लागल्या होत्या, परंतु मी त्यांना थोडे थांबवले. घरातली हकीकत आधी कानावर पडली की डोळ्यांना तीच दिसू लागते, हा माझा याआधीचा अनुभव आहे. त्यामुळे फोटोवरून होणारे अनुमान आधी कागदावर लिहून, त्यावर तारीख घालून, मगच त्यांची हकीकत ऐकायची असे ठरवले.

फोटोत रंगवलेल्या पडद्यासमोर, गादीवर बसलेला तिशीतला पुरुष आहे. त्याने बंद गळ्याचा कोट आणि धोतर घातले आहे, वाद्य उभे धरले आहे, दांडी खांद्याला टेकलेली आहे आणि दुसऱ्या हातात गज आहे. शेजारी एक स्त्री उभी आहे.

एवढ्यावरूनही एक गोष्ट आजच लिहून ठेवता येते, ती म्हणजे हे वाद्य सारंगी नाही. सारंगीच्या दांडीवर स्वरांचे आडवे पडदे नसतात. तिथे तारेच्या कडेला नख लावून स्वर काढतात, आणि तिची मान आखूड व जाड असते. या फोटोत लांब दांडीवर आडव्या उजळ रेघा एकाखाली एक स्पष्ट दिसत आहेत. गजाने वाजवायचे, पडदे असलेले आणि तोंडावर कातडे मढवलेले वाद्य म्हटले की आपल्याकडे प्रामुख्याने तीन नावे उरतात: दिलरुबा, एसराज आणि मोराच्या आकाराचा ताऊस. मोर इथे नाही, म्हणून दोन उरली. महाराष्ट्रात गजाच्या कोणत्याही वाद्याला घरोघरी सारंगीच म्हणत असल्यामुळे मावशींच्या शब्दाला पुरावा मानता येत नाही, आणि चूकही म्हणता येत नाही.

५ नोव्हेंबर

व्हॉट्सॲपवरून आलेल्या फाइलची लांब बाजू १६०० पिक्सेल आहे. मूळ प्रिंट सुमारे १६५ मिलिमीटर उंच असून त्यात वाद्याची लांबी ६२ मिलिमीटर भरते, म्हणजे या फाइलमध्ये वाद्याच्या वाट्याला जेमतेम ६०० पिक्सेल आले आहेत. वाद्य खरे सुमारे ९५ सेंटिमीटर लांब असेल असे धरले, तर प्रत्यक्षातल्या एका मिलिमीटरला एक पूर्ण पिक्सेलही मिळत नाही. अशा फाइलमध्ये तारा मोजायला बसणे हा वेळेचा अपव्यय आहेच, शिवाय तो धोक्याचाही आहे, कारण फाइल लहान करताना जवळजवळच्या समांतर रेघा एकमेकींत मिसळतात आणि मोठे करून पाहिल्यावर सात तारांच्या जागी चार किंवा पाच ‘स्पष्ट’ दिसू लागतात. दोन वर्षांपूर्वी एका सतारीच्या फोटोत मी अशाच दिसलेल्या तारांच्या संख्येवरून मोठा निष्कर्ष काढला होता आणि पुढे तो मागे घ्यावा लागला.

मावशींकडे जाऊन फ्रेम उघडली आणि प्रिंट १२०० डीपीआयवर स्कॅन करून घेतले. आता वाद्याला सुमारे २९०० पिक्सेल मिळाले, म्हणजे मिलिमीटरला तीन. जाड पडदे, खुंट्यांचे माथे, पट्ट्यांचे सांधे इतपत वाचता येईल. बारीक पोलादी तार एका पिक्सेलएवढीच राहील, ती दिसली तर दिसली. फ्रेममध्ये बसवण्यासाठी कोणी तरी भोवतालचा पुठ्ठा कापून टाकला आहे, त्यामुळे स्टुडिओचे नाव गेले. प्रिंटच्या पाठीवर पेन्सिलीने ‘बाबांची सारंगी’ एवढेच लिहिले आहे. तारीख नाही.

६ नोव्हेंबर

मोठ्या स्कॅनमध्ये पाहिल्याबरोबर काही तरी खटकत होते. ते काय आहे हे लक्षात यायला अर्धा दिवस गेला. या माणसाने गज डाव्या हातात धरला आहे. तो डावखुरा असेल, असे पहिल्यांदा वाटले. परंतु अशा वाद्यांना दांडीच्या एका बाजूने तरफेच्या, म्हणजे मुख्य तारांबरोबर आपोआप झंकारणाऱ्या तारांसाठी खुंट्यांची वेगळी पट्टी असते, आणि पडद्यांवर फिरणारा डावा हात अडू नये म्हणून ती वाजवणाऱ्याच्या उजव्या अंगाला बसवतात. वाद्याच्या समोर उभे राहून पाहणाऱ्याला ती आपल्या डावीकडे दिसली पाहिजे. फोटोत ती उजवीकडे आहे. डावखुऱ्या माणसाने हात बदलला म्हणून वाद्यावरची पट्टी बाजू बदलत नाही. खास उलटे वाद्य बनवून घेतले असेल तरच तसे होईल.

मग वाद्य सोडून कपड्यांकडे पाहिले. पुरुषाच्या कोटाची उजवी बाजू डावीवर आली आहे, तर पुरुषांच्या कोटात डावी बाजू वर असते आणि बटणे उजव्या कडेला असतात. शेजारच्या स्त्रीचा पदर उजव्या खांद्यावर आहे. उजव्या खांद्यावरचा पदर गुजराती पद्धतीतही असतो, त्यामुळे एकटा पदर निर्णायक ठरला नसता. पण कोट, पदर, गज आणि तरफेची पट्टी या चार गोष्टी एकाच दिशेने उलट्या आहेत. फोटो आरशातल्यासारखा उलटा छापला गेला आहे. हे प्रिंट जुन्या फोटोवरून नंतर केलेली नक्कल असावी आणि नक्कल करताना निगेटिव्ह उलटी ठेवली गेली असावी. स्कॅन आडवे फिरवल्यावर सगळे जागेवर आले: डावा हात पडद्यांवर, उजव्या हातात गज, तरफेची पट्टी आपल्या डावीकडे.

हे न तपासता पुढे गेले असते, तर ‘डाव्या हाताच्या वादकासाठी मुद्दाम घडवलेले दुर्मिळ वाद्य’ असे काही तरी लिहून बसले असते. यापुढील सर्व मापे सरळ केलेल्या स्कॅनवर घेतली आहेत.

१० नोव्हेंबर

दिलरुबा की एसराज, हा मुख्य प्रश्न आज घेतला. दोन्हींची कल्पना एकच आहे: सतारीसारखी पडद्यांची दांडी, आणि खाली सारंगीसारखे कातड्याने मढवलेले लाकडी पोट. फरक या पोटाच्या आकारात आहे. दिलरुब्याचे पोट सारंगीच्या वळणाचे, चौकोनी पेटीसारखे असते. कमरेला दोन्ही बाजूंनी थोडे आत येते, पण कोपरे कायम राहतात. एसराजचे पोट लहान आणि गोलसर असते, आणि कंबर अशी चिमटीत धरल्यासारखी खोल आत जाते. दांडीतही फरक असतो: दिलरुब्याची रुंद, एसराजची अरुंद, आणि एसराजची तरफेची पट्टी बाजूला जोडल्यासारखी वेगळी दिसते.

फोटोतील वाद्याच्या पोटाचा सर्वांत रुंद भाग १०० धरला तर कंबर ६१ भरते. खालची कड सरळ रेषेत नाही, ती कमानीसारखी वळली आहे. दांडीची रुंदी, पट्टी वगळून, पोटाच्या रुंदीच्या एक तृतीयांशाहून थोडी कमी आहे. वाद्य किंचित तिरके धरलेले असल्यामुळे रुंदीची मापे प्रत्यक्षाहून थोडी कमी आली असणार. परंतु कंबर आणि पोट ही दोन्ही मापे एकाच दिशेतली, एकमेकांना लागून असलेली असल्यामुळे त्यांच्या गुणोत्तराला तिरकेपणाचा फारसा धक्का लागत नाही. म्हणूनच फोटोवर काम करताना मी सुट्या मापांपेक्षा शेजारशेजारच्या मापांच्या गुणोत्तरावर जास्त भिस्त ठेवते.

तरफेच्या खुंट्याही मोजल्या. पंधरा स्पष्ट दिसतात, एखादी बोटामागे असू शकते. एसराजला साधारण बारा ते पंधरा आणि दिलरुब्याला त्याहून काही जास्त असा सर्वसाधारण भेद सांगितला जातो, पण दोन्हींच्या संख्या एकमेकींत मिसळतात आणि वादक आपल्या सोयीने तारा कमीजास्त करतात. संख्या एसराजशी जुळते एवढीच नोंद करते. वजन आकाराला देते.

१४ नोव्हेंबर

महाल भागातील एका जुन्या वाद्यदुरुस्तीच्या दुकानात गेले होते. तिथल्या काकांकडे सुदैवाने एक मोडका दिलरुबा आणि दुरुस्तीला आलेला एसराज असे दोन्ही एकाच फळीवर होते. मी काही विचारण्याआधी त्यांनी स्कॅनचा मोठा छाप उजेडाकडे धरला, क्षणभर पाहिला आणि म्हणाले, “हा पूर्वेकडचा माल आहे ताई. याचा गज बघा किती आत जाईल.” मग त्यांनी दोन्ही वाद्यांच्या कमरेशी गज आडवा धरून दाखवला. एसराजच्या खोल कमरेत कडेच्या तारेवर जाताना गज बराच तिरका करता येतो. दिलरुब्यात तो पेटीच्या कडेला लवकर टेकतो. त्यांच्या परवानगीने दोन्हींच्या कमरा मोजल्या: एसराजचे गुणोत्तर १०० ला ६०, दिलरुब्याचे १०० ला ७९. दोन वाद्यांवरून नियम होत नाही, हे मान्य आहे. पण फोटोतले ६१ कोणाच्या शेजारी बसते यात शंका उरली नाही.

वाद्याचा प्रकार ठरला: एसराज. आता यातून ठिकाणाबद्दल नेमके काय मिळते हे जपून लिहिले पाहिजे. दिलरुबा पंजाबात, विशेषतः शिखांच्या कीर्तनात रुळलेला आहे, आणि महाराष्ट्रातही तो ओळखीचा आहे. एसराज हे बंगालचे वाद्य. रवींद्रसंगीताच्या साथीला हार्मोनियमऐवजी एसराज घेण्याची रीत शांतिनिकेतनात रुजली, आणि बिहारमध्ये गयेलाही एसराजवादनाची स्वतंत्र परंपरा होती. त्यामुळे आकारावरून ‘पूर्व भारत’ एवढे खात्रीने म्हणता येते. त्यातही बंगाल की बिहार, हे पोटाच्या आकारावरून मला सांगता येणार नाही. कोलकात्यात लोअर चितपूर रोडवर, म्हणजे आजच्या रवींद्र सरणीवर, वाद्ये बनवणाऱ्यांची आणि विकणाऱ्यांची दुकाने दाटीने होती, त्यामुळे तयार वाद्य विकत घेणाऱ्याच्या बाबतीत कोलकाता जास्त संभवते. पण हा बाजाराचा तर्क आहे, फोटोतला पुरावा नाही, म्हणून त्याची नोंद वेगळ्या रकान्यात केली.

१८ नोव्हेंबर

आज साहित्याकडे वळले, आणि खरे सांगायचे तर इथे फोटो सर्वांत कमी बोलतो. लाकूड कोणते, हे काळ्यापांढऱ्या फोटोवरून सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. ही वाद्ये बहुधा तुणाच्या लाकडाची असतात आणि हेही तसेच असेल. पण त्या काळातल्या बऱ्याच फोटो-काचांवर लाल रंग उमटतच नसे, त्यामुळे तांबूस पॉलिशचे हलके लाकूडही शिसवासारखे काळे दिसते. रंगाच्या गडदपणावरून लाकडाची जात ठरवणे म्हणजे फोटोच्या काचेची जात ठरवण्यासारखे आहे.

कातडे मात्र ओळखता येते. पोटाच्या मधोमध, तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या दोन्ही पायांखाली, उजेडाची एक मंद खोलगट छटा आहे. लाकडी तबली असती तर पृष्ठभाग एकतर सपाट दिसला असता किंवा बाहेर फुगलेला. ताणलेले कातडे तारांच्या दाबाने आत दबते. घोडीखालून आडवा जाणारा गडद पट्टाही दिसतो. घोडी कातड्यात रुतू नये म्हणून तिथे चामड्याची पट्टी घालतात, तीच ही असावी. महालातल्या काकांनी आपल्या एसराजवरची तशीच पट्टी नखाने उचलून दाखवली होती.

पडदे धातूचे आहेत, कारण प्रत्येकावर एकच बारीक, तीव्र चमक आहे आणि ती सर्व पडद्यांवर एकाच जागी पडली आहे; म्हणजे ते मधून उचललेले, कमानदार आहेत. दांडीच्या कडेला प्रत्येक पडद्याच्या टोकाशी दोऱ्याच्या वेढ्यांची काळी गाठ दिसते. बांधलेले पडदे असल्यामुळे ते सरकवता येतात, आणि याच गोष्टीचा उपयोग पुढच्या नोंदीत करून पाहिला.

१९ नोव्हेंबर

जुन्या स्टुडिओत शोभेसाठी वाद्ये ठेवलेली असत आणि ज्याला सा-रे सुद्धा येत नाही अशी माणसेही ती हातात धरून फोटो काढून घेत. हे वाद्य स्टुडिओतले असेल तर त्याचे मूळ शोधून मावशींच्या घराविषयी काहीच कळणार नाही. म्हणून ते वाजवण्याच्या स्थितीत होते का, हे आधी पाहायला हवे होते. क्रम चुकला, पण पाहिले.

तारेची वरच्या अटीपासून घोडीपर्यंतची लांबी स्कॅनमध्ये १९३० पिक्सेल आहे. वरचा सा वाजवणारा पडदा या लांबीच्या बरोबर अर्ध्यावर, म्हणजे घोडीपासून ९६५ पिक्सेलवर असला पाहिजे; प्रत्यक्षात तिथला पडदा ९७१ वर आहे. पंचमाचा पडदा दोन तृतीयांशावर, म्हणजे १२८७ वर हवा. तो १२९३ वर आहे. दोन्ही ठिकाणी सहा पिक्सेलचा, म्हणजे दोन मिलिमीटरचा फरक एकाच दिशेने आला आहे, आणि त्याचे कारणही दिसते: वाद्याचा खालचा भाग कॅमेऱ्याला थोडा जवळ असल्यामुळे घोडीकडची अंतरे किंचित मोठी दिसतात. घोडी मोकळी असते, ती तारांच्या दाबानेच उभी राहते. वाद्य पडून राहिले आणि तारा सैल झाल्या की ती सरकते किंवा आडवी होते. समजा ती दोन सेंटिमीटर खाली सरकलेली असती, तर अर्ध्या अंतराचा हिशेब तीस पिक्सेलने चुकला असता आणि तो लगेच ध्यानात आला असता. इथे घोडी आणि पडदे एकमेकांशी जुळवलेले आहेत. शिवाय डाव्या हाताचे पहिले बोट तारेवर पडद्यांच्या मधल्या जागेत नाही, तर पडद्याच्या माथ्याजवळ टेकले आहे, आणि गज घोडीपासून योग्य अंतरावर, तारांना काटकोनात आहे.

वाद्य लावलेले होते आणि धरणाऱ्याला ते धरता येत होते. ते त्याच्याच मालकीचे होते, हे मात्र यातून सिद्ध होत नाही.

२४ नोव्हेंबर

नक्षीचा विषय मी मुद्दाम शेवटी ठेवला होता, कारण पाहणाऱ्याचे मन सर्वांत आधी नक्षीकडे धावते आणि तीच सर्वांत जास्त फसवते. दांडी पोटाला जिथे मिळते तिथे लाकडात कोरलेले मोठे पान आहे. खुंट्यांच्या पेटीच्या कडेने पांढरी पट्टी आहे आणि तिच्यावर काळ्या रेघांनी वेल काढली आहे. पहिल्या दिवशी ते पान पाहून मी वहीत ‘कोलकाता?’ असे लिहिले होते, हे प्रामाणिकपणे नमूद करते.

काकांना पानाचा भाग वेगळा कापून दाखवला, वाद्य न दाखवता. ते म्हणाले, “एवढंच दाखवाल तर मी मिरजेची सतारही म्हणेन. पान कोण कोरत नाही?” पांढऱ्या पट्टीविषयी त्यांनी सांगितले की तरुणपणी दुरुस्तीला आलेल्या वाद्यांवर ते स्वतः बाहेरून आणलेल्या तयार पट्ट्या चिकटवत असत. नक्षी अशी गावोगाव फिरते: कारागीर नमुना उचलतो, गिऱ्हाईक दुसऱ्याच्या वाद्यावर पाहिलेले मागते, आणि दुरुस्ती करणारा हाताशी असेल ते लावतो. पोटाचा आकार मात्र दुरुस्तीत बदलत नाही, कारण तो अखंड लाकडातून पोखरून काढलेला असतो. म्हणून ठिकाणाच्या प्रश्नात माझ्या लेखी आकार पहिला, जोडणी दुसरी आणि नक्षी सर्वांत शेवटी.

तरीही पट्टीतून एक गोष्ट मिळाली. पेटीच्या वरच्या कोपऱ्यात, जिथे उभी आणि आडवी पट्टी मिळतात, तिथे वेलीचे एक पान मधोमध कापले गेले आहे. अर्धे पान उभ्या पट्टीवर आहे आणि आडव्या पट्टीवर त्याचा उरलेला अर्धा भाग नाही, तिथे वेल नव्याने सुरू होते. कारागिराने पट्टी बसवून मग तिच्यावर कोरले असते तर कोपऱ्यात वेल वळवली असती. म्हणजे नक्षी आधीच असलेली लांब पट्टी मापाने कापून लावली आहे. ती हस्तिदंताची आहे, हाडाची की सेल्युलॉइडची, हे फोटोवरून कळत नाही. तिन्ही पांढरी दिसतात. सेल्युलॉइड १८७० च्या दशकापासून बाजारात आले, आणि हव्या त्या मापाने कापता येणारी तयार पट्टी म्हटले की आधी तेच आठवते. अनुमान तसेच लिहिले आहे, अनुमान म्हणून.

दुसरी गोष्ट खुंट्यांची. मुख्य चार खुंट्यांपैकी तिघींच्या माथ्यावर कमळाच्या पाकळ्यांसारख्या चिरा आहेत. चौथीचा माथा साधा, चपटा गोळा आहे. चौथी नंतर बदललेली. लाकडी खुंटी झिजते, तिचे भोक सैल होते, मग स्थानिक सुतार किंवा वाद्यवाला नवी कातून देतो. वाद्य फोटोच्या आधी काही वर्षे तरी वापरात होते, आणि जिथे ती खुंटी बसवली तिथे कमळाची खुंटी कातणारा कारागीर नव्हता किंवा तेवढे पैसे द्यायचे नव्हते. कारखान्यापासून लांब आलेल्या वाद्याला अशी विजोड खुंटी शोभून दिसते.

२९ नोव्हेंबर

आजपर्यंतचे अनुमान तारखेसह लिहून पाकिटात बंद केले: ‘एसराज, पूर्व भारतातील, बहुधा बंगालमधील घडण, वापरातले, निदान एकदा दुरुस्त केलेले, दुरुस्ती मूळ ठिकाणाबाहेरची असण्याचा संभव.’ त्यानंतर मावशींकडे जाऊन त्यांची हकीकत ऐकली.

वडील बंगाल-नागपूर रेल्वेत, मोतीबागेकडे नोकरीला होते. “त्यांना ती त्यांच्या एका बंगाली साहेबांनी बदली होताना दिली म्हणत. पण आई म्हणायची, यांनी विकत घेतली आणि मला घाबरून साहेबांचं नाव सांगितलं.” दोन्ही हकीकतींत बंगाली साहेब आहे, हे महत्त्वाचे.

बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी १८८७ मध्ये स्थापन झाली, १८९१ मध्ये तिचा मार्ग नागपूरहून आसनसोलला पोहोचला आणि १९०० मध्ये हावड्याशी थेट जोडणी झाली. या रेल्वेमुळे, आणि त्याआधीपासून वकिली व सरकारी नोकऱ्यांमुळे, नागपुरात बंगाली कुटुंबे चांगली रुळलेली होती. १९२३ मध्ये स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाचे पहिले कुलगुरू बिपिनकृष्ण बोस हे त्यांच्यापैकीच. हावड्याला गाडीत चढवलेला एसराज नागपूरच्या फलाटावर उतरण्यात काहीच नवल नव्हते. हकीकत अनुमानाशी जुळली याचा आनंद झाला, पण तिच्यामुळे अनुमानाची खात्री वाढवून लिहिलेली नाही. साहेबांनी तो गयेहून आणला असता तरी हकीकत अशीच सांगितली गेली असती.

४ डिसेंबर

काळाचा प्रश्न राहिला होता. फोटो कधीचा, यावरून वाद्य ‘त्याआधीचे’ एवढेच ठरते. किती आधीचे, ते नाही. मावशींच्या आईवडिलांचे लग्न १९३१ चे आणि मोठ्या भावाचा जन्म १९३४ चा. फोटोत मूल नाही, आणि आई फोटोत आहे. मूल फोटोत न घेण्याची कारणे अनेक असू शकतात, तरी १९३१ ते १९३४ ही चौकट कामचलाऊ म्हणून ठीक आहे. बदललेली खुंटी धरता वाद्य १९२० च्या दशकातले किंवा त्याहून जुने. खालची मर्यादा सेल्युलॉइडच्या पट्टीवरून ओढावी असे वाटले होते, पण पट्टी सेल्युलॉइडची आहे हेच अनुमान आहे आणि तीही नंतर लावलेली असू शकते. अनुमानावर अनुमान रचून तारीख काढायची नाही, म्हणून खालची मर्यादा मोकळी ठेवली.

तुलनेसाठी काळ माहीत असलेली जुनी पूर्वेकडची वाद्ये पाहायची असतील तर एक वाट आहे. कोलकात्याचे सौरींद्रमोहन टागोर यांनी १८७६ मध्ये बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याला सुमारे शंभर भारतीय वाद्ये भेट दिली आणि ती ब्रुसेल्सच्या वाद्यसंग्रहालयात गेली. त्या संग्रहातील वाद्ये १८७६ च्या आधीची आहेत हे निश्चित असल्यामुळे, खुंट्यांचे माथे आणि पट्ट्यांचे सांधे तिथल्या वाद्यांवर कसे आहेत हे चांगल्या छायाचित्रांवरून पाहता येईल. हे काम या नोंदींत बसवत नाही, पुढच्या वेळी.

८ डिसेंबर

मावशींना द्यायची नोंद अशी पक्की केली: ‘एसराज. पूर्व भारतीय घडण (पोटाचा आकार व अरुंद दांडी यांवरून निश्चित); बंगाल संभवते, कोलकाता शक्य (बाजार व कौटुंबिक हकीकत यांवरून, फोटोवरून नाही). पोटावर कातडे, धातूचे बांधलेले पडदे; लाकूड ठरवता येत नाही. पांढरी पट्टी तयार, कापून लावलेली. एक खुंटी बदललेली. फोटो अंदाजे १९३१–३४. प्रिंट मूळ फोटोच्या उलट, सरळ प्रत सोबत.’

मावशींनी नोंद दोनदा वाचली, सरळ केलेली प्रत हातात घेतली आणि म्हणाल्या, “अगं, पण आता बाबा वेगळेच दिसतात की! भांग दुसऱ्या बाजूला गेला.” सत्तर वर्षे त्यांनी उलटा चेहरा पाहिला होता. भिंतीवर त्यांनी जुनीच प्रत परत लावली. सरळ प्रत आणि नोंद कपाटात ठेवली. प्रिंटच्या पाठीवरची पेन्सिलची ओळ मी खोडली नाही, तिच्याखाली फक्त ‘(एसराज)’ असे जोडले.